बोटांखाली काय आहे, ते आधी बघ

बस. उभं राहून हो-हो म्हणू नकोस. पडद्यावर तुझीच फाईल उघडी आहे, ती बघ आणि मी काय सांगतोय ते नीट ऐक. बाकीच्यांनीही माऊस सोडा आणि इकडे बघा. चूक एकाची असली तरी उद्या तुम्ही सगळे हेच करणार आहात.

चहाची गाळणी. भांड्यांच्या कॅटलॉगमधली साधी, रोजच्या वापरातली वस्तू. फोटोग्राफरने ती हातात धरून फोटो काढला, कारण गाळणी ओट्यावर ठेवली की आडवी पडते आणि जाळीची खोली दिसत नाही. फोटो तुझ्याकडे आला. तू हात उडवलास, मूठ होती तिथे क्लोन स्टॅम्पने काळी दांडी ओढलीस, टोक गोल केलंस, मागे पांढरं टाकलंस आणि फाईल पुढे पाठवलीस. एकदाही थांबून स्वतःला विचारलं नाहीस की त्या चार बोटांखाली आणि तळव्याच्या आत त्या दांडीचं खरं रूप काय आहे.

मला राग आलाय तो पाथ वाईट मारलास म्हणून नाही. पाथ बरा आहे. कडेवरचे अँकर पॉइंट मोजके आहेत, वळणं गुळगुळीत आहेत, हे मी पाहिलं. राग याचा आहे की हात ठेवायचा की काढायचा हा निर्णय तू घेतलाच नाहीस. हात दिसला आणि तुझा हात आपोआप पेन टूलकडे गेला. कॅटलॉगच्या कटआउटमध्ये सगळ्यात आधी करायचा विचार तू सगळ्यात शेवटीसुद्धा केला नाहीस.

आता तू काय काढलंस ते मोजून दाखवतो. गिऱ्हाईकाने फोटोंसोबत मापांचा कागद पाठवला होता. तो तुझ्या फोल्डरमध्येच आहे आणि तू तो उघडलेला नाहीस. त्यात लिहिलंय, कड्याचा व्यास ७० मिलिमीटर, दांडी १३० मिलिमीटर, दांडीच्या टोकाला अडकवण्यासाठी भोक, आणि खालच्या बाजूला पकडीसाठी खाचा. आता फोटोत कडं मोज. गोल वस्तू तिरकी पाहिली की लंबगोल दिसते, पण त्या लंबगोलाची लांब बाजू जवळजवळ खऱ्या व्यासाइतकीच राहते. इथे ती १४०० पिक्सेल आहे. ७० मिलिमीटरला १४०० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला २० पिक्सेल. दांडी याच लांब बाजूच्या रेषेत पुढे जाते, म्हणून तिलाही तेच प्रमाण लागू होतं. १३० मिलिमीटरची दांडी २६०० पिक्सेल भरायला हवी. तू काढलेली भरते २२४०. म्हणजे ११२ मिलिमीटर. एका दांडीचे अठरा मिलिमीटर तू कापून टाकलेस आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

हे गणित सगळीकडे चालत नाही, तेही ऐकून ठेव, नाहीतर उद्या त्याचाच आधार घेऊन नवीन घोळ करशील. दांडी लेन्सच्या दिशेने येत असेल किंवा लेन्सपासून मागे जात असेल, तर ती फोटोत आखूड दिसणारच आणि किती आखूड ते कड्याच्या मापावरून नेमकं सांगता येत नाही. तेव्हा मापांच्या कागदाच्या जोरावर दांडी ओढणं हासुद्धा अंदाजच. माप चूक पकडायला उपयोगी पडतं. न दिसलेली वस्तू उभी करायला ते पुरत नाही.

लांबी एक वेळ सोडून दे. भोक कुठे आहे? ते तळव्यात झाकलं गेलं होतं. तुला दिसलं नाही, म्हणून तू टोक सपाट आणि गोल केलंस. याच पानावर, तुझ्या चित्राच्या खाली मजकूर छापला जाणार आहे, ‘अडकवण्यासाठी भोक’. वर चित्रात भोक नाही. दुकानदार कॅटलॉग बघून पाच डझन मागवतो. त्याच्या दुकानात गाळण्या खिळ्याला टांगलेल्या असतात, आणि चित्र बघून तो विचारतो की ही टांगायची कशी. किंवा उलट होतं. त्याला चित्रातली गोल टोकाची दांडी आवडते आणि खोक्यातून भोकवाली निघते. दोन्ही वेळा फोन गिऱ्हाईकाला जातो आणि खोटा तो ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि वस्तूचं खोटं वर्णन तिच्यात येतं. तुझ्या एका गोल टोकावरून कोणी कोर्टात जाणार नाही, मला माहीत आहे. पण विकायच्या वस्तूचं चित्र म्हणजे वस्तूबद्दल केलेलं विधान असतं, हे तुला कळायलाच हवं. तू त्या विधानात मनाने भर घातलीस.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच. हाताने वस्तूचा जो भाग झाकला आहे, तो मला दुसऱ्या कुठल्या फोटोत, त्याच कोनातून आणि त्याच उजेडात दिसतो का? दिसत असेल तर हात काढण्याचा विचार करायला तू मोकळा आहेस. दिसत नसेल तर हात काढण्याचा अधिकार तुला नाही. मग दोनच मार्ग उरतात, हात ठेव किंवा नवीन फोटो माग. क्लोन स्टॅम्पने ओढून काढणं हा तिसरा मार्ग नाही. शेजारी जो भाग दिसतोय तसाच पुढचाही असेल, हे तू गृहीत धरलंस. दांडी कड्याजवळ गुळगुळीत आहे, म्हणून मुठीतही गुळगुळीत असेल असं तुला वाटलं. खाचा नेमक्या मुठीतच असतात, कारण त्या मुठीसाठीच केलेल्या असतात. हाताळायच्या वस्तूंमध्ये सगळ्यात विचार करून घडवलेला भाग बहुतेक वेळा हातानेच झाकलेला असतो. सुरीची मूठ घे, साल काढणीची पकड घे, मिक्सरच्या भांड्याचा कान घे. कारागिराने जिथे डोकं लावलं, तिथेच फोटोत बोटं येतात, आणि तू तिथेच काळा रंग फासतोस.

थोडं झाकलेलं आणि पुष्कळ झाकलेलं यात फरक करायला मात्र शिक. दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं स्टीलचं झाकण असेल, कड सगळीकडून सारखी असेल, आणि दोन बोटांच्या टोकांपुरतीच कड झाकली असेल, तर ती जोडायला हरकत नाही. कारण ती कड बोटांच्या दोन्ही बाजूंना दिसते आणि मध्ये वेगळं काही असण्याचं कारण नाही. पण तिथेही एकदा विचारून घे की झाकणावर त्या जागी शिक्का किंवा नाव कोरलेलं आहे का. झाकलेल्या भागाच्या एकाच बाजूला वस्तू दिसत असेल आणि दुसरी बाजू हातात गडप असेल, तर जोडणं संपलं. तिथून पुढे तू वस्तू कल्पनेने बनवतोस.

आता दुसरी गोष्ट. मी आत्ता सॅच्युरेशन वाढवतो, बघा सगळेजण. सगळ्यात वर एक ह्यू-सॅच्युरेशनचा अॅडजस्टमेंट लेयर, सॅच्युरेशन साठच्या आसपास. छापायला नाही, फक्त तपासायला. मागचा पांढरा रंग काढून तिथे मधला करडा टाकतो. दिसलं? कड्याच्या डाव्या बाजूला नारिंगी पट्टा आहे. त्यात दोन फुगवटे आहेत. ती बोटं आहेत. हात तू उडवलास, पण चकाकत्या स्टीलमध्ये पडलेलं हाताचं प्रतिबिंब तिथेच राहिलं. आणि जाळीत बघ. तर्जनी कड्याच्या खालून पुढे आली होती, ती जाळीच्या बारीक छिद्रांतून दिसत होती. बाहेरचं बोट तू कापलंस, जाळीच्या आतलं राहिलं. जाळीचा तेवढा कोपरा गुलाबी आहे. पांढऱ्या कागदावर ते गंजासारखं दिसेल. स्टीलच्या गाळणीवर गंज.

तू म्हणशील, रंग काढून टाकतो. कर बघू. आता नारिंगीचा करडा झाला. पण फुगवटे गेले का? नाही गेले. रंग काढला तरी उजेड-अंधाराचा आकार तसाच राहतो. आधी कड्यात रंगीत बोटं होती, आता करडी बोटं आहेत. स्टीलवरून हात खरोखर काढायचा तर त्या कड्यावर जे दुसरं प्रतिबिंब पडलं असतं ते तिथे आणावं लागतं, म्हणजे स्टुडिओतला पांढरा कागद, दिव्याची पेटी, टेबलाची कड. ते तू मनाने रंगवलंस तर कडं वाकल्यासारखं दिसतं, कारण गोलाव्यावर प्रतिबिंब कसं ताणलं जातं हे तुला पाठ नाही. मलाही पाठ नाही. ते फोटोतूनच घ्यावं लागतं.

म्हणून वस्तू कशाची बनली आहे ते बघितल्याशिवाय हाताबद्दल काहीही ठरवू नकोस. मॅट प्लॅस्टिक, लाकूड, कापड, न चकाकणारी माती, यांवरून हात काढला तर मागे राहते ती बोटांच्या कडेची सावली आणि थोडी रंगाची झाक. ती काढता येते. स्टील, पितळ, पॉलिश केलेलं तांबं, काच, यांच्यात हात वस्तूच्या आत शिरलेला असतो. काचेच्या पेल्यामागे धरलेली बोटं पेल्यातून दिसतात, वाकून आणि फुगून दिसतात, आणि पेल्याच्या जाड बुडात पुन्हा एकदा दिसतात. तिथे बाहेरचा हात कापून आतला ठेवणं म्हणजे खरेदीदाराला आपण काहीतरी लपवतोय हे आपणच दाखवणं. काचेची वस्तू हातात धरलेली आली, तर हात काढायची गोष्ट बोलूच नकोस. एक तर सगळा ठेव, नाहीतर फोटो परत पाठव.

दांडीवर बोटांच्या कडेला जो काळपट पट्टा राहिला आहे, तो तुझ्या लक्षात आलाय असं तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय. चांगलं. बोट जिथे वस्तूला टेकतं तिथे उजेड पोचत नाही. हात गेला की ती सावली मागे राहते आणि तिला कोणी मालक उरत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि इथे तू उलट्या बाजूने चुकलास. याच कॅटलॉगमध्ये सांडशी आहे. तिचाही हात तू उडवलास. सांडशीच्या फोटोत काय होतं? हाताने दोन्ही दांड्या दाबल्या होत्या, म्हणून पुढचा चिमटा पातेल्याच्या काठाला घट्ट बसला होता. पूर्ण फोटो त्या पकडीबद्दल होता. हात काढल्यावर काय उरलं? चिमटा पातेलं धरून आहे आणि दांड्या हवेत आहेत. दाबतंय कोण? कुणी न दाबता सांडशी पातेलं धरून ठेवत नाही, हे स्वयंपाकघरात उभी राहणारी कुठलीही बाई एका नजरेत सांगेल. तुला ते दिसलं नाही, कारण तू कड बघत होतास, वस्तू बघत नव्हतास.

हात फोटोत कशासाठी आला आहे, हे ओळख. कधी तो फक्त टेकू असतो. वस्तू उभी राहत नाही, म्हणून कोणीतरी धरली. गाळणीचा हात तसा होता, तो गेला तर काही बिघडत नाही, फक्त तो नीट जायला हवा. कधी हात वस्तूचं काम दाखवतो. सांडशी, साल काढणी, लिंबू पिळायचं यंत्र, पुरीचं लाटणं. हात गेला की काम गेलं, आणि वस्तू विनाकारण तिरकी दिसू लागते. तिरकी वस्तू सरळ करायला तू ती फिरवशील, तर उजेडही तिच्याबरोबर फिरेल. पानावरच्या बाकी सगळ्या वस्तूंवर उजेड वरून डावीकडून येतोय आणि ही एकटी खालून उजळलेली, असं होईल.

आणि कधी हात आकार सांगतो. याच गिऱ्हाईकाच्या गाळण्या दोन मापांत आहेत, एक लहान आणि एक कुटुंबासाठी मोठी. दोन्ही कापून, पांढऱ्यावर, सारख्याच चौकटीत ठेवल्या की दोन्ही एकच वाटतात. खाली आकडे लिहिलेले असतात, पण आकडे नंतर वाचले जातात. एका चित्रात हात असला की डोळ्याला लगेच कळतं. नथ, कानातली, लहान कुपी, मसाल्याच्या डब्यातला चमचा, अशा वस्तूंना निदान एका चित्रात हात हवाच. नाहीतर नथ बांगडीएवढी दिसते आणि घरी पोचलेली नथ बघून बाईंचा हिरमोड होतो.

पण आकारासाठी हात ठेवलास, तर मग त्या हाताशी इमान राख. मोठ्या माणसाच्या तळव्याची रुंदी, अंगठा सोडून, साधारण आठ सेंटिमीटर धर. एका पानावर दोन हात असतील तर ते दोन्ही मोजून बघ. तू काय केलंस? साल काढणी लहान असते आणि तिला चौकट मोठी मिळाली, म्हणून ती हातासकट ताणून चौकट भरलीस. शेजारी सांडशी ठेवली असती तर साल काढणी धरणारा हात सांडशी धरणाऱ्या हाताच्या दीडपट झाला असता. हात आकार सांगण्यासाठी आहे आणि तोच खोटं सांगतोय. एका पानावरचे सगळे हात एकाच प्रमाणात ठेव. चौकट रिकामी राहिली तर राहू दे.

हात ठेवायचा ठरला की काम संपलं असं समजू नकोस, ते तिथून सुरू होतं. हात संपतो कुठे? तू दुसऱ्या एका फाईलमध्ये मनगटापाशी वळण देऊन हात गोल संपवलास. मनगट गोल संपत नाही. पांढऱ्यात मध्येच थांबलेला हात बघणाऱ्याला अस्वस्थ करतो, त्याचं लक्ष वस्तूवरून उडतं आणि त्या कापलेल्या जागेवर जाऊन बसतं. हात दोनच ठिकाणी संपू शकतो. एक तर चौकटीच्या कडेवर, म्हणजे हात बाहेरून आत आल्यासारखा दिसतो. नाहीतर कपड्याच्या बाहीवर, आणि बाहीसुद्धा चौकटीच्या कडेपर्यंत जायला हवी. फोटोतच हात मनगटापाशी कापला गेला असेल, तर पानावर चित्र अशा जागी बसव की ती कापलेली बाजू चौकटीच्या कडेला टेकेल. लेआउट करणाऱ्याला ते आधी सांग. त्याने चित्र चौकटीच्या मध्यावर सरकवलं की हात तुटलेला दिसेल, आणि तो दोष तुझा असेल, कारण तू सांगितलं नाहीस.

आणि बोटं अर्धी ठेवून हात काढायचा प्रकार मला पुन्हा दिसता कामा नये. वस्तू झाकलेली राहते म्हणून पेरापर्यंतची बोटं ठेवायची आणि पुढचा तळवा उडवायचा, हे तू एका डब्याच्या चित्रात केलंस. डब्याच्या काठावर चार बोटांची टोकं, त्यांना हात नाही. ते चित्र लहान मूल बघून घाबरेल. हात आहे तर पूर्ण आहे, नाही तर अजिबात नाही.

हाताची कड वस्तूच्या कडेसारखी कापू नकोस. गाळणीचं कडं फोकसमध्ये आहे, तिथे कड टोकदार हवी. पण मनगट मागे गेलेलं असतं, फोकसच्या बाहेर असतं, त्याची कड फोटोतच मऊ असते. तिथे पाथने धारदार कापलंस की हात पुठ्ठ्याचा दिसतो. पाथ मऊ कड देऊ शकत नाही, पाथची रेघ एकतर आत किंवा बाहेर. म्हणून हातासाठी लेयर मास्क कर, आणि मागे जाणाऱ्या भागावर मास्कची कड फोटोत जितकी मऊ आहे तितकीच मऊ कर. पीएसडी फाईल पारदर्शक ठेवून इनडिझाइनमध्ये टाकलीस की तो मऊपणा टिकतो.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे आणि ती मी चढ्या आवाजात बोलणार आहे. सांडशीच्या मूळ फोटोत जो हात आहे, त्याचा एक कॉपी लेयर तू गोरा केलेला मला सापडला. कोणी सांगितलं होतं? ज्या बाईंनी सांडशी धरली त्यांचा रंग त्यांचा आहे. स्टीलची निळसर झाक काढायला तू पूर्ण चित्र गरम केलंस, मग हात लालभडक झाला, मग तो लाल लपवायला हात फिका केलास. एकामागोमाग एक तीन चुका. स्टील सुधारायचं तर मास्क फक्त स्टीलवर लाव, हाताला हात लावू नकोस. छपाईसाठी सीएमवायके केल्यावर त्वचेचे आकडे बघ, पिवळा किरमिजीच्या थोडा वर असतो आणि निळा त्या दोघांच्या बराच खाली. किरमिजी पिवळ्याच्या वर गेला की हात भाजल्यासारखा छापला जातो. आणि हात गोरा केलास तरी स्टीलमधलं त्याचं प्रतिबिंब मूळ रंगाचंच राहतं. एकाच चित्रात एका बाईचे दोन रंग. हे परत कधीही करायचं नाही. तुमच्यापैकी कोणीही.

आता ऑनलाईनचं. तू मघाशी पुटपुटलास की वेबसाईटवर हात चालत नाही. अर्धंच ऐकलं आहेस. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य चित्राला मागचा रंग पूर्ण पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे २५५ लागतात, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा लागतो, आणि वस्तूसोबत जे मिळत नाही ते चित्रात असू नये. हात वस्तूसोबत मिळत नाही. म्हणून मुख्य चित्रात हात नको, हे बरोबर. पण त्यानंतरच्या चित्रांना ते बंधन तसं नाही आणि तिथे सांडशीचा हात हवाच. पहिल्या चित्रासाठी हात नको म्हणून बाकी सगळ्या चित्रांतून तो उडवायचा, ही आळशी माणसाची पद्धत आहे. छापील कॅटलॉग तर वेगळीच गोष्ट, तिथे गिऱ्हाईक आणि तुम्ही मिळून ठरवता. ठरवा. एका ओळीतल्या सहा वस्तूंपैकी दोन हातात आणि चार हवेत असं सोडू नका.

आता फाईल कशी करायची ते सांगतो, म्हणजे निर्णय बदलला तरी काम वाया जाणार नाही. मूळ फोटोतलं काहीही खोडायचं नाही. पाथ दोन करायचे. एक फक्त वस्तूच्या दिसणाऱ्या कडेचा, त्याचं नाव `vastu`. दुसरा वस्तू आणि हात मिळून बाहेरच्या कडेचा, त्याचं नाव `vastu_hat`. `Work Path` असं नाव राहिलं म्हणजे तो अजून सेव्ह झालेला नाही, दुसरा पाथ मारायला घेतलास की पहिला जाईल. दोन्ही सेव्ह कर. इनडिझाइनमध्ये क्लिपिंग पाथच्या चौकटीत फोटोशॉप पाथ निवडला की फाईलमधल्या पाथांची नावं दिसतात, त्यातला कोणता वापरायचा ते तिथे निवडता येतं. म्हणजे गिऱ्हाईकाने रात्री फोन करून हात परत मागितला, तर एका निवडीत तो परत येतो. तू मात्र गाळणीचा हात खोडून, फाईल जेपीजी करून, वर मूळ फोटोवरच सेव्ह केलीस. आता हात परत आणायचा तर फोटोग्राफरकडेच जावं लागेल.

`vastu` हा पाथ मारताना बोटं जिथे वस्तूवरून जातात तिथे तुझा पाथ काय करतो, तेच तुझं उत्तर आहे. तिथे तुला दिसणाऱ्या कडेवरून जाता येत असेल, तर हात काढता येईल. तिथे तुला अंदाजाने अँकर पॉइंट टाकावा लागत असेल, तर थांब. पेन टूल सोड. तुला नवीन फोटो हवा आहे.

आणि नवीन फोटो मागताना ‘हाताशिवाय पाठवा’ असं दोन शब्दांत लिहू नकोस. फोटोग्राफर बिचारा गाळणी टेबलावर आडवी ठेवून वरून फोटो काढेल आणि तो तुझ्या काही कामाचा नसेल. त्याला सांग की कॅमेरा, लेन्स, दिवे जिथे होते तिथेच हवेत. गाळणीचा झुकावही तोच हवा. दांडीच्या टोकाच्या भोकातून पातळ नायलॉनचा दोरा ओवून गाळणी टांगायची, आणि कड्याला दुसरा दोरा लावून तोल धरायचा, म्हणजे ती त्याच झुकावात तरंगते. स्टीलवर दोऱ्याची बारीक रेघ येईल, ती काढायला तुला वेळ लागणार नाही, कारण दोरा केसाएवढा जाड आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खरं स्टील दिसतंय. हाताच्या जागी तिथे स्टुडिओचा पांढरा पडदा कड्यात दिसेल आणि तोच हवा आहे. जाळीतून मागचा पांढरा दिसेल. भोक दिसेल, खाचा दिसतील. एक फोटो त्याच झुकावाने हातासह आणि एक हाताशिवाय, असे दोन लागतील. दिवे लावलेले असताना हे काम फोटोग्राफरला काही मिनिटांचं आहे. तू काल दुपारभर दांडी रंगवत बसलास.

सांडशीचा फोटो परत मागायचा नाही. तो फोटो चांगला आहे. त्यातला हात परत ठेव, मूळ रंगात ठेव, चौकटीच्या कडेपर्यंत ने. डब्याच्या चित्रात बोटं कुठे टेकली आहेत ते बघ, डब्याची कड दोन्ही बाजूंना दिसत असेल तर जोड, नसेल तर त्याचाही नवीन फोटो माग. साल काढणी परत मूळ प्रमाणात आण.

काल पाठवलेल्या फाईली गिऱ्हाईकाकडे पोचल्या आहेत. प्रूफ अजून निघालेलं नाही, मी प्रेसला विचारलं. तेव्हा आधी गिऱ्हाईकाला फोन कर, मी करणार नाही, तू कर. त्यांना स्पष्ट सांग की गाळणीची दांडी चित्रात चुकीची आहे, भोक राहिलं आहे, ती फाईल वापरू नका. मग फोटोग्राफरला फोन कर आणि आत्ता सांगितलेलं सगळं त्याच क्रमाने सांग. आणि तो मापांचा कागद छापून तुझ्या पडद्याच्या शेजारी लाव.